गोळीला स्नूझ द्या, पाण्याला नको

आमच्याकडे हिंगोली जिल्ह्यात सध्या एक नवी पद्धत रूढ होत आहे. पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीला असलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, आईसाठी दीड-दोन हजारांचे स्मार्ट घड्याळ आणतो, ते स्वतःच्या मोबाईलला जोडून त्यात दहा-बारा अलार्म लावून देतो आणि परत जातो. गोळ्यांचे अलार्म, पाण्याचे अलार्म, बसून राहू नका असे सांगणारा अलार्म. आठ दिवसांनी ते घड्याळ कपाटातल्या चाव्यांच्या डब्यात सापडते. मुलगा फोनवर म्हणतो, "अम्मी, तुमको कितना भी दो, वापरतेच नहीं." आणि अम्मी म्हणतात, "ये घडी दिनभर चिमटे लेती मेरेकू."

माझे मत असे आहे की अशा वेळी अम्मीचेच बरोबर असते. घड्याळ वाईट नसते, पण ते लावणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारलेला नसतो: कोणती आठवण पुन्हा पुन्हा यायला हवी आणि कोणती एकदा येऊन गेली तरी चालेल? गोळी आणि पाणी या दोन्हींसाठी एकसारखाच अलार्म लावणे हे या घड्याळांच्या अपयशाचे मूळ आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांच्या गोळ्यांची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि शेजारपाजारच्या चार घरांतली घड्याळे मीच लावून दिली आहेत. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

आधी 'रिपीट' आणि 'स्नूझ' या दोन शब्दांतला फरक नीट समजून घेऊ, कारण घरोघरी गोंधळ इथेच होतो. रिपीट म्हणजे हा अलार्म कोणकोणत्या वारी वाजायचा ते. स्नूझ म्हणजे त्याच दिवशी, एकदा वाजून थांबल्यावर पाच किंवा दहा मिनिटांनी तो परत यायचा की नाही ते. पहिला प्रश्न आठवड्याचा आहे, दुसरा पुढच्या अर्ध्या तासाचा.

रिपीटची पहिली अडचण अशी की बऱ्याच घड्याळांत नवा अलार्म केला की तो मुळात 'Once', म्हणजे एकदाच, असा असतो. वार निवडायला आपण विसरलो तर तो पहिल्या दिवशी व्यवस्थित वाजतो आणि मग आपोआप बंद होतो. ओळखायची खूण अगदी सोपी आहे: काल वाजला, आज वाजला नाही. लोकांना वाटते घड्याळ बिघडले. घड्याळ बिघडलेले नसते, अलार्मच्या यादीत त्या वेळेसमोरचे बटण बंद झालेले असते. म्हणून घड्याळ लावून दिल्यावर खरी तपासणी दुसऱ्या दिवशी करायची असते, पहिल्या दिवशी नाही.

दुसरी अडचण याच्या उलट आहे आणि ती जास्त गंभीर आहे. काही औषधे रोज घ्यायची नसतात. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुतेकांनी पाहिली असेल. ती साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडे घ्यायला सांगतात. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळीसुद्धा आठवड्यातून एकदाच असते, आणि ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. अशा औषधाच्या अलार्मवर सगळे सात वार निवडले गेले, तर घड्याळ रोज सकाळी अगदी वेळेवर, न चुकता, चुकीचे सांगत राहील. आणि वयस्कर माणूस घड्याळावर आपल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो, कारण ते मुलाने लावून दिलेले असते. आमच्याकडे ड जीवनसत्त्वाचा अलार्म फक्त शुक्रवारचा आहे. घड्याळात 'आठ आठवड्यांनी बंद हो' अशी सोय नव्हती, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ शुक्रवारांना गोल केले आणि आठव्या गोलाखाली 'अलार्म काढा' असे लिहिले.

आता स्नूझ. कोणतेही घड्याळ घेण्याआधी, किंवा घेतले असेल तर आजच, एक चाचणी करा. दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावा, घड्याळ मनगटावर ठेवा आणि ते वाजल्यावर त्याला अजिबात हात लावू नका. काय होते ते पाहा. काही घड्याळे थोडा वेळ थरथरून गप्प बसतात आणि दहा मिनिटांनी स्वतःहून परत येतात. काही एकदा थरथरतात आणि त्यांच्या दृष्टीने काम संपलेले असते. त्यांत स्नूझ असतो, पण तो पडद्यावर बोट लावले तरच चालू होतो. तरुण माणसाला हा फरक जाणवत नाही, कारण तो बोट लावतोच. पण अम्मी जोहरची नमाज पढत असतात तेव्हा मनगट थरथरले तर त्या नमाज सोडून पडद्याला बोट लावणार नाहीत, लावूही नये. हात पिठात असतील, लसूण सोलत असतील, नळाला पाणी आलेले असेल आणि दोन्ही हातांत घागर असेल, तेव्हाही तेच. वयस्कर माणसाच्या घड्याळात स्नूझ हवा तो हात न लावता परत येणारा. खोक्यावर काय लिहिले आहे त्यापेक्षा ही दोन मिनिटांची चाचणी जास्त खरे सांगते.

साधी डिजिटल घड्याळे या बाबतीत कधी कधी महागड्यांपेक्षा बरी निघतात. कॅसिओच्या एई-१२०० या घड्याळात पाच अलार्म असतात, त्यांतला एकच स्नूझचा, आणि तो दर पाच मिनिटांनी परत येत राहतो. त्याला रोज चार्जिंग नको, मोबाईल नको. पण त्याची अडचण आवाजाची आहे. अशा घड्याळांचा 'पीप' आवाज बारीक आणि उंच पट्टीतला असतो, आणि वयाबरोबर कान नेमके उंच पट्टीचेच आवाज आधी गमावतात. अम्मींना दाराबाहेरचा मोटारसायकलचा आवाज ऐकू येतो, नातवाने हळू बोललेलेही कळते, पण मनगटावरचा पीप कळत नाही. हे तपासायलाही सोपे आहे: पंखा चालू ठेवा, त्यांची पाठ आपल्याकडे असू द्या, अलार्म वाजू द्या आणि विचारा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी थरथरणारे घड्याळच हवे, आणि ते मनगटाच्या हाडाजवळ जरा घट्ट बांधलेले हवे. बांगड्यांच्या वर सैल लटकणारे घड्याळ थरथरते ते स्वतःशीच.

आता अम्मींचे वेळापत्रक सांगते, म्हणजे विचार कसा करायचा ते दिसेल. तुमच्या घरी गोळ्या वेगळ्या असतील. वेळा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्याच घ्या, रीत मात्र हीच लागू पडेल.

सकाळी सहाला थायरॉइडची गोळी. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि त्यानंतर चहा-नाश्त्यापर्यंत निदान अर्धा ते एक तास जायला हवा. सकाळी नऊला नाश्त्याबरोबर साखरेची आणि रक्तदाबाची. दुपारी दीडला जेवणानंतर कॅल्शियम, कारण कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीच्या जवळ घेतले तर ती नीट शोषली जात नाही, दोन्हींत किमान चार तासांचे अंतर लागते. रात्री साडेआठला जेवणानंतर साखरेची दुसरी. हे चार रोजचे अलार्म आणि पाचवा शुक्रवारचा. घड्याळात पाचच जागा होत्या, त्या पुरल्या. मी घड्याळ चोवीस तासांच्या पद्धतीवर ठेवले आहे, कारण रात्री साडेआठऐवजी सकाळी साडेआठचा अलार्म लागणे ही अगदी नेहमीची गफलत आहे. २०:३० लिहिले की ती होतच नाही.

या चार वेळांतल्या प्रत्येकीचा स्नूझ वेगळ्या कारणासाठी आहे, आणि हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. सहाच्या गोळीला कशाचीच वाट पाहायची नसते. अम्मी फजरला उठलेल्या असतात, गोळी आणि पाणी उशाशी असते, थरथरले की घ्यायची. तिथे स्नूझ फक्त डोळा लागला असेल तर हवा. पण नऊच्या गोळीचे तसे नाही. साखरेच्या काही गोळ्या, जशी ग्लिमेपिराइड, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. ती गोळी पोटात गेली आणि अन्न आले नाही तर साखर खाली जाते: हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस विसंगत बोलू लागतो. म्हणजे ही गोळी घड्याळाशी बांधलेली नाही, ताटाशी बांधलेली आहे. घड्याळाला नऊ वाजलेले कळतात, तव्यावर भाकरी पडली की नाही ते कळत नाही.

ओळखीतल्या एका आजोबांच्या घरी हेच घडले. मुलाने त्यांना निक्षून सांगितले होते की अलार्म झाला की लगेच गोळी घ्यायची, टाळायची नाही. त्या दिवशी गॅस संपला होता आणि नाश्ता साडेदहापर्यंत लांबला. आजोबांनी नवाच्या ठोक्याला गोळी घेतली आणि ओट्यावर पेपर वाचत बसले. दहाच्या सुमारास सून बाहेर आली तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता आणि ते तिला भलत्याच नावाने हाक मारत होते. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते. शेजारच्या नर्सबाईंनी लगेच साखरेचे पाणी द्यायला लावले आणि ते सावरले. त्या घरात घड्याळ बिघडले नव्हते, आजोबा विसरले नव्हते, सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणेच केले होते. सांगणेच अपुरे होते.

म्हणून जेवणाशी बांधलेल्या गोळीची वेळ ठरवण्याआधी मी एक आठवडा फक्त टिपण केले: अम्मींच्या पुढ्यात ताट नक्की किती वाजता येते? सगळ्यात लवकर आठ पन्नासला आले, सगळ्यात उशिरा नऊ पंचवीसला. मग अलार्म नऊला लावला आणि स्नूझ दहा मिनिटांचा, तीनदा परत येणारा. म्हणजे घड्याळ नऊ, नऊ दहा, नऊ वीस आणि नऊ तीसला आठवण करते, आणि त्या आठवड्यातली प्रत्येक सकाळ त्यात बसते. अम्मींना मी सांगितले, "ताट पुढे असेल तर गोळी घ्या. नसेल तर घड्याळाला गप्प राहू द्या, ते परत येईल. आणि साडेनऊपर्यंत ताट आले नाही तर मला हाक मारा." इथे स्नूझ म्हणजे टाळाटाळ नाही, तो गोळीच्या नियमाचाच भाग आहे. नाश्ताच होणार नसेल तर त्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे. ऐन वेळी ठरवू नये.

पण स्नूझमधून एक नवा धोका तयार होतो, त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. अम्मी गोळी घेतात, पण घड्याळाचा अलार्म पूर्ण बंद करायचा राहतो किंवा 'Stop'ऐवजी 'Snooze'वर बोट पडते. छोट्या पडद्यावर दोन्ही बटणे शेजारी असतात. दहा मिनिटांनी मनगट पुन्हा थरथरते. आता त्यांना प्रश्न पडतो: मी घेतली का? ज्यांची स्मरणशक्ती जरा सैल झाली आहे ते अशा वेळी घड्याळाचे ऐकतात आणि दुसरी गोळी घेतात. विसरण्यापेक्षा दोनदा घेणे अनेक गोळ्यांच्या बाबतीत जास्त धोक्याचे असते.

यावर उपाय घड्याळात नाही, डब्यात आहे. औषधाच्या दुकानात सात दिवसांचे, दिवसाला चार कप्प्यांचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात. मी दर शुक्रवारी तो भरते. ज्या गोळ्या पाकिटातून काढून ठेवू नयेत त्यांचे पाकीट कात्रीने कापून तुकडा कप्प्यात ठेवते. मग कामाची वाटणी स्पष्ट होते: कधी घ्यायची ते घड्याळ सांगते, कोणती घ्यायची ते कप्पा सांगतो, आणि घेतली की नाही ते कप्प्याचे रिकामेपण सांगते. अम्मींसाठी नियम एकच आहे: मनगट थरथरले की आधी डबा बघायचा. कप्पा रिकामा असेल तर घड्याळ खोटे बोलत आहे, त्याला बंद करा.

डब्याचा आणखी एक फायदा आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचे पाकीट दर खेपेला त्याच कंपनीचे असेल असे नाही. मागच्या महिन्यात गुलाबी असलेली गोळी या महिन्यात पांढरी असते. 'गुलाबी गोळी' अशी आठवण लावून ठेवलेली असेल तर माणूस तिथेच अडकतो. शिवाय स्वस्त घड्याळांवर उर्दूच काय, मराठी अक्षरेही पुष्कळदा उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. त्यामुळे घड्याळावर औषधाचे नाव लिहिण्याच्या नादी न लागणेच बरे. वेळ आणि कप्पा एवढे पुरते.

आता पाणी. इथे माझे मत अगदी ठाम आहे: पाण्याच्या आठवणीला स्नूझ असू नये, आणि ती गोळीच्या अलार्मच्या यादीतही असू नये. बहुतेक स्मार्ट घड्याळांच्या ॲपमध्ये पाण्याची वेगळी सोय असते, तिथे सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि मधले अंतर एवढेच भरायचे असते. मुलगे तिथे सकाळी आठ ते रात्री दहा, दर तासाला असे लावून देतात. म्हणजे दिवसाला पंधरा वेळा थरथर. त्यात गोळीच्या चार थरथरी कुठे गेल्या ते कळतही नाही, कारण मनगटाला दोन्ही सारख्याच वाटतात. माणूस पंधरांतल्या दहांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि एकदा शिकला की गोळीच्या थरथरीकडेही तसेच दुर्लक्ष करतो. चाव्यांच्या डब्यातले घड्याळ इथून सुरू होते.

पाण्याची गरज खोटी नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो, आणि वय वाढले की तहान लागण्याची जाणीवच मंदावते. शरीराला पाणी हवे असते पण घसा ते सांगत नाही. त्यामुळे 'तहान लागली की प्या' हे वयस्करांना लागू पडत नाही. पण पाणी आणि गोळी यांत मोठा फरक आहे: साडेदहाचा पेला राहिला तर साडेबाराला तो भरून निघतो. गोळीचे तसे नसते. जी आठवण चुकली तरी पुढची तिची जागा घेते, तिला पाठीमागे लागायची गरज नाही.

आम्ही असा हिशोब केला. अम्मींचा स्टीलचा पेला औषधाच्या मापाने मोजला, तो साधारण दोनशे मिलीलिटरचा निघाला. चारही गोळ्या घोटभर पाण्याऐवजी पूर्ण पेल्याबरोबर घ्यायच्या ठरवल्या, म्हणजे आठशे मिलीलिटर एकही जादा अलार्म न लावता पोटात गेले. मग पाण्याची आठवण सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, दर दोन तासांनी: १०:३०, १२:३०, १४:३० आणि १६:३०. आणखी चार पेले, आणखी आठशे. दोन्ही मिळून दिवसाला एक लिटर सहाशे मिलीलिटर, चहा आणि वरण-आमटी वेगळी. यांतली एकही वेळ गोळीच्या वेळेच्या तासाभराच्या आत येत नाही, त्यामुळे गल्लत होत नाही. संध्याकाळी पाचनंतर पाण्याची थरथर नाही, कारण रात्री तीन-तीनदा उठणे आणि अंधारात मोरीकडे जाताना पडणे हे वयस्करांसाठी मोठे संकट आहे. मे महिन्यात डॉक्टरांना विचारून मधले अंतर दीड तासाचे केले, पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा दोन तास.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. ज्यांच्या पायांवर सूज येते, ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांना डॉक्टर कधी कधी दिवसभरात पाणी किती प्यायचे याची मर्यादा घालून देतात. अशा माणसाच्या घड्याळात पाण्याची आठवण लावणे म्हणजे त्याला रोज चार वेळा पथ्य मोडायला सांगणे. तिथे ती सोय बंद ठेवा आणि सकाळी एका बाटलीत दिवसभराचे पाणी मोजून भरून द्या. ती बाटली घड्याळापेक्षा शहाणी ठरते.

घड्याळ लावून झाल्यावर दोन तपासण्या उरतात. पहिली: मोबाईलचे ब्लूटूथ बंद करा आणि दोन मिनिटांनंतरच्या अलार्मची वाट पाहा. वाजला तर अलार्म घड्याळात साठवलेला आहे. नाही वाजला तर तो मोबाईलवर अवलंबून आहे, आणि मोबाईल घेऊन तुम्ही शाळेत, शेतात किंवा पुण्याला गेलात की अम्मींचे घड्याळ मुके होईल. दुसरी: घड्याळ पूर्ण डिस्चार्ज होऊन पुन्हा चालू झाले की त्यावरची वेळ पाहा. बरीच स्वस्त घड्याळे अशा वेळी खरी वेळ विसरतात आणि मोबाईलला जोडेपर्यंत चुकीची वेळ दाखवतात. अलार्म वाजतात, पण भलत्याच वेळी. आमच्याकडे रात्री वीज नेमकी कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून घड्याळ रात्री चार्जिंगला लावत नाही. सकाळी नऊची गोळी झाली की अम्मी ते काढतात आणि साडेदहाच्या पाण्याच्या आत परत बांधतात. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिले आहे का, तेही तेव्हाच पाहून घेतले जाते, कारण काही घड्याळांत त्यामुळे पाण्याची आठवण दबून जाते.

रमजानबद्दल वेगळे लिहायला हवे. जे वयस्कर रोजा ठेवतात त्यांच्या गोळ्यांच्या सगळ्या वेळा सेहरी आणि इफ्तारभोवती नव्याने बसवाव्या लागतात. ते काम डॉक्टरांचे आहे आणि रमजानच्या दोन-तीन आठवडे आधीच विचारायचे आहे. घड्याळाचे काम एवढेच, की जुन्या अलार्मच्या यादीचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री सगळे जसेच्या तसे परत लावता येते. पाण्याची आठवण इफ्तार ते सेहरी अशी लावायची असेल तर घड्याळ मध्यरात्र ओलांडणारी वेळ स्वीकारते का ते पाहून घ्या. नसेल स्वीकारत तर इफ्तार ते झोपेपर्यंत एवढीच लावा.

पण मला जास्त काळजी वाटते ती रोजा न ठेवणाऱ्या आजारी वयस्करांची. डॉक्टरांनी मनाई केलेली असते, दीनमध्येही आजाऱ्याला सवलत आहे, तरी घरात सगळे उपाशी असताना एकट्याने खायचे त्यांना जिवावर येते. चूल थंड असते. सुनेला 'मला भाकरी टाक' असे सांगायची लाज वाटते. आणि नऊ वाजता मनगट थरथरते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी अशा सकाळी रिकाम्या पोटी जाणे सगळ्यात सोपे असते. म्हणून रमजानमध्ये आमच्या घरी सेहरीच्या वेळीच अम्मींच्या नाश्त्याचा डबा भरून ठेवला जातो आणि तो गोळ्यांच्या डब्याच्या शेजारी असतो. अलार्म झाला की त्यांनी कुणाला काही मागायचे नाही, झाकण उघडायचे.

घड्याळ देणाऱ्या मुलांना माझे एवढेच म्हणणे आहे. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा पहिल्याच दिवशी अलार्म लावू नका. आई कधी उठते, कधी खाते, नमाज किती वेळ चालते, पाण्याला कधी जाते हे चार दिवस पाहा आणि मग लावा. पाच अलार्म, चार पेले, एक डबा. जाण्याआधी एक दिवस ते घड्याळ तिच्या मनगटावर असताना तिच्याबरोबर बसा, आणि तिने स्नूझ दाबला तर "अम्मी, गोळी!" असे ओरडू नका. आधी स्वयंपाकघरात जाऊन बघा, तवा तापला आहे का.